गिझरसाठी गोडं पानी

शेगावात आमचं लॉज हाये. सैपाक माह्याकडे, बाकी कारभार आमच्या मालकाईकडे. आमच्या विहिरीच्या पान्यात डाळ शिजत नाही, हे मी लगन झाल्यापासून सांगून राह्यली. मालक म्हनत, "पान्याले काय झालं? तुलेच चूल पेटवता येत नाही!" तेही गिऱ्हाइकांसमोर!

मंग त्याईनं हौसेनं न्हानीत गिझर अन् शॉवर बसवला. साल झालं नाही तं पानी कोमट, अन् शॉवरमधून नुसते थेंब. खामगावचा रहेमतुल्ला मिस्त्री आला. त्यानं वीज बंद केली, टाकी रिकामी केली, खालचं झाकन खोलून पानी तापवनारी दांडी बाहेर काढली. तिच्यावर चुन्यासारखा जाड थर!

"शेठ, तुमचं पानी लय जड हाये," तो म्हनला.

त्यानं दांडी सिरक्याच्या पान्यात बुडवली, तसा थर फसफसून सुटला. शॉवरचं तोंडही त्यातच भिजवलं अन् सुईनं एकेक भोक मोकळं केलं.

दुसऱ्याच दिवशी मालकाईनं मळ्यातल्या विहिरीवरून बैलगाडीनं गोड्या पान्याचं टिपाड मांगवलं. कशासाठी? गिझरसाठी!

माह्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मी डाळीपुढे फुंकनी घेऊन बसली, तवा गाडी नाही जुंपली कोनी! मी गाडीवानाले टिपाड सरळ सैपाकघरात उतरवायले लावलं.

मालक धावत आले. "अवं, मंग गिझरचं काय?"

"त्याले सांगा, तुलेच पानी तापवता येत नाही!"