रिसेट मारला आणि

जळकोटात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बिघाड कुठलाही असो, आमचा धंदा आधी रिसेट मारतो, मग विचार करतो. उम्मेहानी आपांच्या टीव्हीलाही मी तेच केलं.

आपा घरात शिवणाचा क्लास घेतात. अकरा पोरी टीव्हीवर व्हिडिओ बघून कटिंग शिकतात. चार दिवसांवर त्यांची परीक्षा.

"समदभाई, पडद्यावर सारखी सूचना येतीय. ती तेवढी घालवा," टीव्ही दुकानात ठेवताना आपा म्हणाल्या होत्या.

सूचना मी वाचलीच नाही. रिसेट मारला. टीव्ही कोरा झाला. व्हिडिओचं अ‍ॅप परत टाकायला गेलो, तर उत्तर आलं : हे अ‍ॅप या टीव्हीसाठी उपलब्ध नाही.

कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, या मॉडेलचा सपोर्ट संपलाय."

"पडदा ठणठणीत आहे की!"

"नवीन मॉडेल बघा, सर."

टीव्ही सहा वर्षांचा. कंपनीनं तीन वर्षं अपडेट दिले, मग हात झटकले. आतली चिप जुनी. चिपवाल्यानं तिचे अपडेट थांबवले, म्हणून टीव्हीवाल्यानंही. अ‍ॅपवाले म्हणतात, जुन्या सिस्टीमवर आम्ही चालणार न्हाय. तिघं एकमेकांकडं बोट दाखवतात. नवा टीव्ही विकण्यात मात्र तिघांचं एकमत. फ्रिज, वॉशिंग मशीन, जे जे नेटला जोडलं त्याची हीच गत. चोर लेकाचे.

संध्याकाळी आपा दुकानात आल्या. कंपनीवर ढकलून मोकळं व्हावं, असं वाटलं. पण लई थकलो होतो, खोटं बोलायलासुद्धा.

"आपा, त्या सूचनेत काय होतं?"

"सहा महिन्यांनी अ‍ॅप बंद होणार म्हणून. का?"

"म्हंजे तवर चाललं असतं. म्या रिसेट मारून पुसलं. आता परत येत न्हाय."

आपांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "कंपनीनं सहा महिने दिले, तुम्ही सहा मिनिटांत निपटवलं. बढिया. पोरींना काय दाखवू, तुमचं तोंड?"

दुकानातल्या टीव्हीमागची स्टिक, म्हणजे नेटवरचे व्हिडिओ टीव्हीवर लावणारी बोटभर कांडी, मी उपसली, तिच्या डब्यात घातली आणि आपांचा टीव्ही घेऊन त्यांच्या घरी गेलो. स्टिक मागं खुपसली, माझा खर्च. आता नेट स्टिकला. टीव्हीचं स्वतःचं वायफाय बंद करून टाकलं. अपडेट थांबलेला टीव्ही नेटवर ठेवणं म्हणजे कडी नसलेलं दार, नेटवरून कुणीही आत शिरावं. टीव्हीनं आता नुसता पडदा व्हायचं.

व्हिडिओ लागला. पोरी कागदावर बाहीचा गोल काढायला लागल्या.

"हिचे अपडेट किती वर्षं येतील?" आपांनी विचारलं.

मी स्टिकचा डबा उलटासुलटा करून बघितला. रंग, वजन, वायरची लांबी, सगळं छापलेलं.

"लिहिलेलं न्हाय, आपा."

"मग कंपनीला विचारा. लेखी मागा."

तिथंच उंबऱ्यावर बसून मी मेल लिहायला घेतला.