सहा, सात की आठ

"आत गेल्यावर फाटे फोडू नकोस," आत्या व्हरांड्यात पुटपुटली. "सहाच बरोबर, एवढंच ठामपणे सांगायचं."

भाचीने मान डोलावली. लाकूडकाम प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेश परीक्षेत तिला एकोणसाठ गुण होते. पास व्हायला साठ लागत. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी तिला फॉर्मच भरता आला नसता. तिने एकाच प्रश्नावर हरकत घेतली होती. तो प्रश्न दोन गुणांचा होता.

प्राचार्यांच्या टेबलावर प्रश्नपत्रिका उघडी होती. सारख्या आकाराचे ठोकळे एकमेकांवर रचलेत. समोरून, बाजूने आणि वरून ती रचना अशी दिसते. तिन्ही चित्रं एकसारखी: दोन बाय दोन, चार पूर्ण चौकोन. रचनेत किती ठोकळे आहेत?

"उत्तर आठ," प्राचार्य म्हणाले. "खाली चार, वर चार. तू सहा लिहिलंस. दोन ठोकळे कुठे गेले?"

"मला ठोकळे मिळतील का?"

शेजारी बसलेल्या आरेखनाच्या मॅडमनी, म्हणजे ज्यांनी हा प्रश्न काढला होता त्यांनीच, कपाटातून लाकडी ठोकळ्यांची पेटी काढून पुढे सरकवली.

भाचीने खाली चार ठोकळे चिकटून मांडले. मग समोरच्या डाव्या ठोकळ्यावर एक ठेवला आणि मागच्या उजव्यावर एक. दुसरा जरा तिरका बसला. तिने तो नीट केला.

"वरून पाहिलं तर चार चौकोन दिसतात. समोरून डावीकडे दोन मजले, उजवीकडेही दोनच. फक्त उजवीकडचा वरचा ठोकळा मागे आहे. चित्रात मागे-पुढे कळत नाही."

मॅडम खुर्चीवरून उठल्या, टेबलाच्या कडेला वाकल्या आणि त्यांनी एक डोळा मिटून आधी समोरून, मग बाजूने पाहिलं.

"बाजूनेही भरतंय, सर."

"म्हणजे आठ चूक?"

"आठही बरोबर," भाची म्हणाली. आत्याने खोकून इशारा दिला, पण तोवर तिने एका रिकाम्या जागी आणखी एक ठोकळा ठेवला होता. "आणि सातही."

आत्याने डोळे मिटून घेतले.

"वा," प्राचार्य खुर्चीत मागे रेलले. "एका प्रश्नाला तीन उत्तरं. मग प्रश्नच रद्द. गुण कुणालाच नाहीत."

म्हणजे एकोणसाठच. भाचीने तो हिशेब खोलीत येण्याआधीच केला होता.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी आठ ठोकळे रचले, ते बघून चित्रं काढली आणि उत्तर लिहिलं. चित्रं हातात घेऊन उलट्या दिशेने रचून पाहिलंच नाही. पण सर, आठ लिहिणाऱ्या मुलांनी काय घोडं मारलंय?"

"मग काय करू? कुणी काहीही लिहिलं तरी गुण देऊ? उद्या पाच लिहिणारा येईल दारात."

"पाच होत नाही," भाची म्हणाली.

"का नाही?"

"तुम्हीच करून बघा ना, सर."

आत्याने तिच्या दंडाला चिमटा काढला. प्राचार्यांनी मात्र बाह्या सरसावल्या. वरच्या तीनपैकी दोन ठोकळे काढले, पाच उरले. समोरून पाहिलं: एक बाजू उंच, एक बुटकी. उरलेला ठोकळा त्यांनी चारही जागी फिरवून पाहिला. मग खालचा एक उचलून वर चढवला. वरून भोक दिसायला लागलं.

"खालच्या चारांपैकी एकही हलवता येत नाही," भाची सावकाश म्हणाली. "आणि वर किमान दोन हवेतच, तिरक्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या कोपऱ्यांत. म्हणून सहाच्या खाली जाता येत नाही. आठाच्या वर जागाच नाही. पाच चूक, नऊ चूक. सर, सगळं चालतं असं मी म्हणत नाहीये. तीनच उत्तरं चालतात."

प्राचार्यांनी ठोकळा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

"मॅडम, पेपर किती आहेत?"

"तीनशेच्या वर."

"सगळे पुन्हा काढा. सहा, सात, आठ, तिन्हींना पूर्ण गुण. बाकीच्यांना शून्य." मग भाचीकडे न बघता म्हणाले, "एकसष्ट झाले तुझे. फी भरायची खिडकी खाली आहे."

जिन्यात आत्याने तिला थांबवलं. "सात कशाला काढलंस मध्येच? माझा जीव गेला असता."

"सातही निघत होतंच गं," भाची म्हणाली आणि फीच्या खिडकीकडे उतरू लागली.