बारा बावन्नचा फोटो

आमच्याकडच्या लग्नात पत्रिकेवर मुहूर्त छापायला जेवढी शाई लागते, तेवढीसुद्धा किंमत त्या मुहूर्ताला नसते. हे मला चांगलं ठाऊक होतं. पंधरा वर्षं आखाडा बाळापुरात स्टुडिओ चालवतोय, शेकड्यांनी लग्नं कॅमेऱ्यातून पाहिली. तरीही मी जी चूक केली ती केलीच.

एप्रिल २००८ मधली गोष्ट. वीस तारखेला, रविवारी, बाळापूरच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. माझ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या आतली छोटी बॅटरी मेली होती. त्यामुळे कॅमेरा चालू केला की त्याचं घड्याळ एक जानेवारी २००५ला, रात्री बारापासून नव्याने मोजायला लागायचं. फोटो छान येतात ना, मग तारखेचं काय लोणचं घालायचंय, असं म्हणून मी ते तसंच चालू ठेवलं होतं.

लग्न लागल्यावर पंगतीत जेवून एक पोरगा मोटारसायकलवर निघाला आणि वारंगा फाट्याच्या अलीकडे ट्रकखाली गेला. सोमेश्वर त्याचं नाव, वय बावीस. ढाबेवाल्याने पोलिसांना फोन लावला तेव्हा एक वाजून तीस मिनिटं झाली होती.

तेराव्यानंतर त्याचे वडील माणिकराव स्टुडिओत आले. त्यांच्या रागाची ख्याती पाच गावांत होती. दुकानात आले की लोक बाकावर सरकून जागा करून देत. त्या दिवशी मात्र ते उभेच राहिले आणि खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला.

"ह्ये बघा. एक वाजून धा मिन्टाला मी त्याला फोन केला. दोन वाजता त्याच्या बहिनीला, वैष्णवीला, बघायला पावने येणार व्हते. मी म्हनलो, आत्ताच्या आत्ता न्हाई आला तर घरात पाय ठेवू नको. त्यो म्हनला, निघालो बाबा, रस्त्यातच हाव."

"मग?"

"खरंच रस्त्यात व्हता का ते मला पाहिजे. रस्त्यात असंल तर त्याचा त्यो निवांत येऊन राहिला व्हता, नशिबानं नेलं. पंगतीतच बसून मला तसं म्हनला असंल, तर मंग माझ्यासाठी गाडी पळवली त्यानं." त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "पंगतीतल्यांना विचारलं. ज्याला विचारावं त्यो येगळाच टाइम सांगतो. तुमच्या फोटोत टाइम असतो म्हन्तेत."

असतो. पण माझ्या फोटोंत तो २००५ सालचा होता. त्यात आणखी एक घोळ. हॉलच्या ट्यूबलाइटमुळे रंग हिरवट येतात म्हणून मी रंग नंतर सुधारता येणाऱ्या रॉ, म्हणजे कच्च्या, फाइली काढल्या होत्या आणि एका फुकटच्या प्रोग्रामने त्यांच्या जेपीजी, म्हणजे छापता येणाऱ्या साध्या फोटोफाइली, केल्या होत्या. त्या शहाण्याने मूळ वेळ टाकून दिली आणि बदलल्याच्या दिवसाची तारीख चिकटवली. चारशे बारा फोटो, सगळे जणू एकाच संध्याकाळी पाच मिनिटांत काढलेले.

नशीब, रॉ फाइली मी पुसल्या नव्हत्या. माझ्या कॉम्प्युटरवर फोटोतली तारीख-वेळ बदलणारा एक्सिफटूल नावाचा प्रोग्राम होता. त्याला बटणं नाहीत, काळ्या खिडकीत हुकूम लिहायचा. पहिल्या हुकमाने प्रत्येक रॉ फाइलमधली वेळ त्याच नावाच्या जेपीजीत आणून बसवली. आता राहिला घड्याळाचा फरक. कॅमेरा जेवणं होईपर्यंत मी बंद केला नव्हता, म्हणजे एका फोटोची खरी वेळ कळली की सगळ्यांची कळणार. अक्षता पडतानाच्या फोटोवर कॅमेऱ्याची वेळ दोन चौदा. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीस. मी वजाबाकी केली आणि लिहिलं:

exiftool "-AllDates+=3:3:19 10:21:0" lagna

तीन वर्षं, तीन महिने, एकोणीस दिवस, दहा तास एकवीस मिनिटं. lagna फोल्डरमधले सगळे फोटो एका झटक्यात वीस एप्रिलला आले. पंगतीच्या टोकाला बसलेल्या सोमेश्वरचा शेवटचा फोटो होता बारा बावन्नचा. त्यानंतरच्या फोटोत त्याच्या जागेवर नुसती पत्रावळ.

"काका, हे बघा, बारा बावन्न. तुम्ही फोन करायच्या आधीच निघाला होता तो," मी म्हणालो.

माणिकराव बाकावर बसले. कितीतरी वेळ पंच्याने तोंड पुसत राहिले. मग चहा मागितला, दोन कप प्यायले, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं. आपण आयुष्यात एक तरी कामाची गोष्ट केली असं वाटलं.

चार दिवसांनी नवरीकडच्या अल्बमसाठी फोटो निवडत होतो. वाढप्यांच्या एका फोटोत मागच्या भिंतीवर घड्याळ होतं. मोठं केलं. एक अठरा. फाइलवर वेळ बारा अठ्ठेचाळीस.

मी पायात चप्पल सरकवून तडक कार्यालयात गेलो. घड्याळ मोबाइलशी लावून पाहिलं, बरोबर होतं. परत येताना आठवायला लागलं. नवरदेवाची वरात मारुतीपुढे नाचत बसली होती, मामा सापडत नव्हता, भटजी घसा खरवडत होते. त्या अर्ध्या तासाच्या हिशेबाने अक्षता पडल्या एक वाजून पाच मिनिटांनी. पत्रिकेवर विश्वास ठेवणारा अख्ख्या जिल्ह्यात मी एकटाच गाढव निघालो.

म्हणजे सोमेश्वर एक बावीसला पंगतीत होता. फोन येऊन बारा मिनिटं झाली तरी तिथेच. एक तीसला फाट्याजवळ. आठ मिनिटांत नऊ-दहा किलोमीटर.

दुसऱ्याच दिवशी मी "-AllDates+=0:30" असा हुकूम देऊन सगळे फोटो अर्धा तास पुढे सरकवले. कुणाला मात्र सांगितलं नाही. माणिकरावांच्या घरी आता चूल नीट पेटतेय, ते शेतात जायला लागलेत, असं ऐकत होतो. मी कोण त्यांच्या पानात माती कालवणारा? रोज ते फोल्डर उघडायचो, बंद करायचो, आणि स्वतःला शिव्या घालायचो.

महिनाअखेरीला ते आले. सोबत सुमनबाई होत्या, सोमेश्वरची आई. बाहेर पायरीवर बसल्या, आत आल्याच नाहीत.

"त्यो शेवटचा फोटो मोठा करून द्या," माणिकराव म्हणाले. "खाली तारीख आन टाइम येऊ द्या. ती रोज म्हन्ते, तुमच्या फोननं गेला. तिला दाखवायचं."

कॉम्प्युटरवर फोटो उघडा होता आणि बाजूला वेळ दिसत होती. त्यांनी वाचली. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, आकडे वाचता येत होते.

"काहून बदलला ह्यो?"

मी सगळं सांगितलं. मुहूर्त, वरात, भिंतीवरचं घड्याळ. मग मीच घाबरून पुढे बोलत गेलो. "काका, आत्ता परत मागं घेतो. एक ओळ लिहायची, बारा बावन्न होतं. काकूंना ते घड्याळ दाखवायचंच नाही. कुणाला कळणार न्हाई."

"कवा कळलं तुमाला?"

"तीन आठवडे झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ज्याला घाबरत होतो तो राग त्यांच्या डोळ्यांत नव्हताच. तिथं काहीच उरलं नव्हतं.

"सोमेशनं बी हेच केलं," ते म्हणाले. "पंगतीत बसून, रस्त्यातच हाव म्हनला. मी रागवीन म्हनून." मग अगदी हळू विचारलं, "तुमी बी मला भेलात का?"

मी उठून प्रिंटर चालू केला.

"छापा," ते म्हणाले. "एक बावीसच छापा." आणि फोटो निघेपर्यंत ते दाराकडे पाठ करून उभे राहिले, सुमनबाईंना तोंड दिसू नये म्हणून.