कोरड्या गल्लीतले सहा मिलिमीटर

देवरावांचा फोन आला तेव्हा गादीवाल्या गल्लीत लख्ख ऊन पडलं होतं.

"पासष्ट झाले, शेषराव. अर्ध्या तासात. अन् थांबून नाही राहिला."

शेषरावांनी त्यांना पर्जन्यमापकातली रेघ पुन्हा बघायला सांगितली. देवराव अमरावतीच्या पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी एका रोपवाटिकेची राखण करत. ते छत्री घेऊन पुन्हा बाहेर गेले, आणि परत आले तोवर आकडा अडुसष्टवर गेला होता. टेकडीवरचं पाणी ज्या नाल्यात उतरतं, तो पाच-सहा किलोमीटर वळणं घेत शहरातून येतो आणि या गल्लीच्या टोकाला गोदाबाईंच्या घराच्या मागच्या भिंतीला घासून पुढे जातो. आठवडाभराच्या झडीनं जमीन आधीच तुडुंब प्यालेली. पाणी यायला फार तर तासभर, शेषरावांनी मनाशी हिशेब केला, आणि सवयीप्रमाणे लगेच त्या हिशेबावर शंका घेतली.

अकोल्याच्या एका वेधशाळेत बत्तीस वर्षं त्यांनी रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजला होता. मोजणं त्यांना जमे. सांगणं जमत नसे. आणि जूनमध्ये एकदा सांगितलं, तर त्याचं असं झालं.

त्या दिवशी फोनवरच्या हवामानाच्या ॲपनं तीस मिलिमीटर दाखवले होते. खात्री करावी म्हणून त्यांनी स्टेशनजवळच्या भाच्याला विचारलं, टेकडीकडे देवरावांना विचारलं. दोघांच्याही फोनवर तीसच. तीन ठिकाणचे तीन साक्षीदार एकच सांगतात म्हटल्यावर त्यांनी धीर करून गल्ली हलवली. ऐंशी वर्षांच्या गोदाबाईंना खुर्चीवर बसवून चौघांनी उचललं. त्यांचं खुब्याचं हाड आदल्या वर्षीच मोडलेलं. खुर्ची हिंदकळली आणि त्या दोन दिवस तापानं फणफणल्या. गल्लीत मात्र थेंबही पडला नाही. तेव्हापासून पोरं त्यांना पाऊसकाका म्हणू लागली.

आपण कुठं चुकलो ते त्यांना नंतर कळलं. ॲपच्या मागचं गणित सगळ्या प्रदेशावर चौकोनांची जाळी टाकतं. त्यांच्या ॲपच्या जाळीतला एकेक चौकोन बारा किलोमीटरचा. अख्ख्या चौकोनाला एकच आकडा, आणि तोही सरासरीचा. टेकडी, गल्ली, स्टेशन, सगळं त्याच एका चौकोनात. तीन साक्षीदार कुठले, एकाच माणसाला तीन दारांतून विचारलं होतं. पाऊस त्या दिवशी पडलाही होता, पण रेल्वेरुळांच्या पलीकडे. म्हणून मग त्यांनी चार जागी चार प्लास्टिकचे मापक लावले: एक देवरावांकडे, एक भाच्याकडे, एक स्वतःच्या गच्चीवर, आणि चौथा गल्लीत वाहेदच्या दुकानाच्या छपरावर.

आता ते त्याच दुकानासमोर उभे होते आणि तोंड उघडत नव्हतं. वाहेद जमिनीवर नवी गादी पसरून दाभणानं टाके घालत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, आज काय म्हणते तुमची बाटली. शेषरावांनी कसंबसं सांगितलं, टेकडीवर पडून राहिला, नाला येईल, गोदाबाईला काढायला पाहिजे.

वाहेदनं कापूस लागलेला हात पुसून फोन काढला. ॲपवर ढग होता, खाली सहा मिलिमीटर. त्यानं फोन त्यांच्यापुढं धरला, मग बाहेरच्या उन्हाकडे बोट केलं.

"सहा मिलिमीटरले कोणी घर सोडते का, काका? अन् ते बी येथं पडून नाही राहिलं. लोक मले हसतीन. तुमाले तं हसूनच राहिले."

शेषरावांचे कान तापले. परत फिरावं असं त्यांना खरंच वाटलं. मग त्यांची नजर गादीवर गेली.

"वाहेद, ह्या गादीत कापूस किती?"

"सहा किलो."

"टाके नाही घातले तं?"

"तं गोळा होते एका कोपऱ्यात."

"वजन?"

वाहेदचा हात थांबला. "वजन सहा किलोच राहीन."

"ॲप तेवढंच सांगते. सगळ्या अमरावतीवर एकच गादी, मधात टाका नाही. वजन सांगते, कापूस कुठं गोळा झाला ते नाही सांगत. टाके जवळजवळ असते तं समजलं असतं. आज सगळा कापूस टेकडीवर आहे. अन् आपण कोपऱ्याच्या खालती राहतो."

इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. वाहेदनं गादीकडे पाहिलं, मग गल्लीच्या टोकाकडे. नाल्याचा आवाज नव्हता. त्यानं दोरा दातानं तोडला आणि घरात बायकोला, फरजानाला, हाक देऊन, खालच्या चार घरांची दारं वाजवायला सांगितलं.

गोदाबाई खाटेवर पडून होत्या. मुलगा किशोर नांदगाव पेठच्या सूतगिरणीत पाळीवर गेलेला. शेषरावांना दारात बघताच त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. खिडकीतून नाला दिसत होता, घोटाभर पाण्याचा, एक कुत्रं त्यातून आरामात पार होत होतं.

"मी नाही येत, भाऊ. मांगच्या वक्ती मरता मरता वाचली मी. पाण्यानं नाही, तुमच्या खुर्चीनं."

देवरावांचा फोन येऊन वीस मिनिटं झाली होती. शेषराव खाटेजवळ जमिनीवर बसले. जे होतं तेच बोलले.

"मांगच्या वक्ती मी फोनवरचा आकडा वाचला होता, बाई. आज देवरावनं पडलेलं पाणी मोजलं."

"येईनच का पाणी?"

"किती येईन ते मले नाही सांगता येत. येईन, हे सांगतो."

"अन् नाही आलं तं?"

"तं तुमी म्हणसान ते."

गोदाबाईंनी तोंड भिंतीकडून वळवलं. मग म्हणाल्या, "खुर्चीवर नाही बसत मी."

वाहेद दारात होता. तो पळत दुकानात गेला आणि ती अर्धी शिवलेली गादी घेऊन आला. गोदाबाईंना अलगद तिच्यावर सरकवलं. शेजारचे दोघे आले, चार कोपरे चौघांनी धरले; एक शेषरावांच्या हाती आला. गादी मधोमध खचली, पण हिंदकळली नाही. गल्लीच्या चढावर त्यांना दम लागला, बोटं सुटायला आली, वरून ऊन तसंच. ओट्यावर बसलेला एकजण पाऊसकाका म्हणून हसला. वाहेदनं त्याला कोपरा धरायला लावला.

वरच्या वळणावर फरजानाच्या बहिणीच्या घरात गादी टेकवली. शेषराव दारातच उभे राहिले. खालून काही ऐकू येईना. घड्याळात पाहिलं, पन्नास मिनिटं. पंचावन्न. आतून गोदाबाईंचं कण्हणं येत होतं, आणि शेषरावांना वाटलं, आपण पुन्हा तेच केलं.

आवाज आधी आला, ट्रक रिकामा केल्यासारखा. मग गढूळ पाणी गोदाबाईंच्या मागच्या दारानं आत शिरलं आणि पुढच्या दारानं गल्लीत आलं. खाट तरंगत उंबऱ्याला अडकली. अर्ध्या तासात खालच्या, रिकाम्या केलेल्या चार घरांत छातीइतकं पाणी होतं. गल्लीवर ऊन होतं. वाहेदच्या फोनवर अजूनही ढग होता, आणि खाली सहा मिलिमीटर.

आतून गोदाबाईंनी विचारलं, माह्या खिडकीतलं तुळशीचं डबडं वाचलं का. वाचलं नसणार, असं शेषरावांनी खरं तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ते वही घेऊन वाहेदच्या छपराला शिडी लावून चढले. खाली गल्लीभर चिखल उपसणं चाललं होतं. त्यांनी देवरावांच्या रकान्यात एकशे चार लिहिले. मग छपरावरचा मापक उचलून उन्हात धरला, पुन्हा एकदा नीट पाहिला, आणि गल्लीच्या रकान्यात शून्य लिहिलं.