रुंद पडद्याचा हट्ट

लबाड माणूस आपण वासावरून ओळखतो, असं भागवतरावांचं म्हणणं होतं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या बियाणं कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं घासली होती. क्वालिटी विभाग त्यांच्या हाताखाली होता, मार्चला रिटायर व्हायचे होते, आणि जाता जाता कुणी आपल्या डोळ्यांत धूळ फेकू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यामुळे ते घरच्या चहातसुद्धा दूध किती, पाणी किती ते बघत. अशा माणसापुढे त्यांच्याच विभागात नोंदी करणाऱ्या अक्षतानं दोन मॉनिटर मागितले.

मागायची वेळही नेमकी वाईट. मे महिन्यात सोयाबीनचा एक लॉट पास म्हणून भोकरदनच्या दुकानदाराकडं गेला, आणि त्यानं पेरून बघितलं तर निम्मं बियाणं उगवलंच नाही. उगवण सत्तर टक्क्यांच्या खाली असलेलं बियाणं विकायचं नसतं, हे इथं शिपायालाही ठाऊक. चाळीस पोती परत आली. कंपनीच्या साहेबांनी फोनवर विचारलं, "कुणाचं काम?" भागवतराव तडक म्हणाले, "अक्षताच्या टेबलावरचं." पोरीचं वर्षाचं कंत्राट जूनअखेर संपत होतं. साहेब म्हणाले, मग पुढं वाढवायचं की नाही ते सोमवारपर्यंत कळवा. हे सगळं तिच्या पाठीमागं झालं. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"काका, लॅबमधून हातानं लिहिलेल्या उगवणीच्या चिठ्ठ्या स्कॅन होऊन येतात," अक्षता समजावून सांगत होती. "एका खिडकीत चिठ्ठी, दुसरीत आपली नोंदींची शीट. ह्या जुन्या डबड्यावर एक उघडली की दुसरी झाकली जाते. दिवसभर अदलाबदल करून राह्यले मी. डोळा एक ओळ घसरला की लॉटच बदलतो. दोन मॉनिटर असले तर एकावर चिठ्ठी, दुसऱ्यावर शीट, दोन्ही पूर्ण उघड्या. चोवीस इंची दोन, अठरा हजारात."

"आन् सोमवारच्या ऑनलाईन मीटिंगला?"

"एकच पडदा शेअर करायचा. दुसऱ्यावर आपलं काम चालू."

भागवतरावांचे कान टवकारले. म्हणजे एक दाखवायचा आन् एक लपवायचा! वा गं वा! त्यांचं टेबल तिच्या मागंच होतं. दोन मॉनिटर आले की दुसरा जरासा तिरपा फिरवला की संपलं, मागच्याला काही दिसायचं नाही. त्यात कॉम्प्युटरवाला राजानंद तिच्या ओळखीचा निघाला. मंग काय, कमिशन असणारच! वास पक्का झाला.

राजानंद दुसऱ्या दिवशी आला तर दोन्ही प्रकार घेऊनच आला, दोन दिवस वापरून बघा म्हणाला. भागवतरावांना त्यातही काळंबेरं दिसलं. फुकट कोण देतो आजकाल?

"हा चौतीस इंची रुंद मॉनिटर," राजानंदनं खोक्यातून लांबलचक पडदा काढला. "एकतीस हजार. पण भागवतराव, खरं सांगू? तुमच्या कामाला दोनच बरे. तेरा हजार वाचतेत."

स्वस्त विकायला बघतो? दुकानदार? भागवतरावांनी खिशातून टेप काढला आणि टेबल मोजलं. चार फूट. दोन मॉनिटर शेजारी ठेवले तर साडेतीन फूट गेले, आणि उगवणीचे ट्रे ठेवायला वीतभर कोपरा उरला. रुंदवाला पावणेतीन फुटांत बसला.

"बघा! जागा खाऊन राह्यले तुमचे दोन," ते विजयानं म्हणाले. "आन् मधी ही काळी पट्टी. लांब ओळ वाचायची तर मधीच तुटती."

"पट्टी आहे," अक्षता म्हणाली, "पण चिठ्ठी इकडं, शीट तिकडं, तर पट्टी आडवी कुठं येती? रुंदवाल्यावर खिडकी मोठी केली की ती सगळा पडदा खाती. दर खेपेला विंडोजचं बटण आणि बाण दाबून अर्धी-अर्धी बसवायची. आणि मीटिंगला अख्खा पडदा शेअर केला तर तिकडच्यांना अक्षरं मुंग्यांएवढी दिसतेत."

"दिसू दे मुंग्या. पण सगळं दिसंल ना?"

"काका, खर्चा जास्त आहे. खरंच दोन घ्या."

केवढी कळवळून बोलली ती! भागवतरावांना जास्तच खटकलं. एवढी का अडून बसली? रुंद पडद्याला एवढी का भीती? त्यांनी ठरवलं, आता रुंदच. आणि त्यावर पहिल्यांदा आपणच बसणार. मे महिन्याची शीट उघडून तिची चोरी तिच्याच तोंडापुढं धरणार.

त्यांनी खुर्ची ओढली. शीट उघडली, मोठी केली. अहाहा! जुन्या पडद्यावर बारा-तेरा रकाने दिसायचे, पुढचं बघायला सरकवावं लागायचं, आणि सरकवायचा कंटाळा सगळ्यांनाच. इथं तीसच्या तीस रकाने एका नजरेत. भोकरदनला गेलेला लॉट त्यांनी शोधला. उगवण एक्क्याऐंशी. वरच्या लॉटपुढं अठ्ठावन्न. लॅबची चिठ्ठी उघडली, पडद्याच्या अर्ध्यात बसवली. चिठ्ठीत नेमकं उलटं होतं. दोन ओळींची अदलाबदल. चांगला लॉट गोदामात अडकला होता आणि खराब लॉट बाजारात गेला होता.

"सापडलं!" ते ओरडले. चिठ्ठी बंद करून शीट पुन्हा मोठी केली आणि बोट त्या ओळीवरून उजवीकडं नेलं. ओलावा, शुद्धता, तारीख, गोदाम... पार शेवटच्या रकान्यात नोंद करणाऱ्याचं आद्याक्षर. हा रकाना भागवतरावांनीच सुरू केला होता, कुणावर भरवसा नको म्हणून.

तिथं लिहिलं होतं, 'भा.'

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. तारीख चौदा मे. अक्षता मावसबहिणीच्या लग्नाला अंबडला गेल्ती दोन दिवस, आणि तिच्या खुर्चीत त्यांनीच साठ लॉट भरले होते. मान अवघडली म्हणून शिव्या देत देत. सव्वीस वर्षांत अशी चूक कधी झाली नव्हती.

मागं वळले तर अक्षता खाली बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"पंधरा दिवस झाले. मी सरकवून बघते ना काका."

"मंग बोलली का न्हाई?"

"मार्चला तुम्ही जाणार. सव्वीस वर्षांचं नाव एका ओळीसाठी कशाला? वाटलं दोन मॉनिटर आले की चूक पुन्हा होणार न्हाई, आणि शीट एकाच छोट्या पडद्यावर राहिली की ओळीचं हे टोक कुणी बघणार न्हाई. पोती तर परत आलीच. पुढच्या हंगामात कोण विचारतंय? आणि साहेब माझ्यापाशी काही बोलले न्हाईत, म्हणजे मिटलं असंल."

राजानंद गुपचूप केबल गुंडाळत बसला. भागवतरावांनी फोन काढला. साहेबांचा नंबर लावला. साहेबांनी उचलला.

"साहेब, भोकरदनचा लॉट मी पास केला. मी. माझ्या हातानं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाई साहेब. अक्षता त्या दिवशी हजरच नव्हती. मी तुम्हाला तिचं नाव दिलं ते बिलकुल खोटं होतं. तिचं कंत्राट थांबवू नका."

फोन ठेवला तर अक्षता त्यांच्याकडं बघत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून.

"काका," ती हळूच म्हणाली, "माझं नाव दिलंत तुम्ही?"

पंधरा दिवस ती भागवतरावांचं नाव झाकत होती, आणि त्यांनी तिचं केव्हाच विकून टाकलं होतं.