सुतकातली सही

उघाडीचं दार मोडलं ते भाद्रपद वद्य अष्टमीला, सोमवारी. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरती आली की पाण्याच्याच रेट्याने मिटतं. आमच्या आचऱ्याकडच्या खारवटीत चाळीस घरांचं भात त्या एका दाराच्या भरवशावर उभं असतं. त्या साली, म्हणजे चौसष्टला, भात पोटरीला आलं होतं. पुढच्या सोमवारी अमावास्या, आणि भाद्रपदातल्या अमावास्येचं उधाण वर्षातलं सगळ्यात मोठं.

बाबली मेस्त्रीने दार पाहून सांगितलं की फळ्या कुजल्या आहेत, ऐनाच्या लाकडाचं नवीन दार, बिजागऱ्या आणि मजुरी मिळून एकशेवीस रुपये, दोन दिवसांचं काम. पण लेखी हुकमाशिवाय तो हात लावणार नव्हता. मागे एकदा तोंडी शब्दावर त्याने बांधाचं काम केलं होतं आणि पैशांसाठी वर्षभर सोसायटीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. त्याचं काय चुकलं?

बांधाची देखभाल आमची बंधारा सोसायटी करायची. मी तिच्या कमिटीवर होतो. मंगळवारी सकाळी ऑफिसात गेलो. सेक्रेटरी श्रीपाद मास्तरांनी मला भिंतीवरचा तक्ता दाखवला. पंचवीस रुपयांपर्यंत सेक्रेटरी. दीडशेपर्यंत अध्यक्ष, अध्यक्ष गैरहजर असल्यास उपाध्यक्ष. पाचशेपर्यंत कमिटी, पण तिची सभा अध्यक्षांच्याच सहीने बोलवायची. त्यावर सर्वसाधारण सभा. मी म्हटलं, मग चोवीस-चोवीसच्या पाच पावत्या करा आणि मोकळे व्हा. मास्तरांनी तक्त्याखालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. एका कामाचे तुकडे पाडून खर्च मर्यादेत बसवता येणार नाही, असं तिथे लिहिलं होतं. मला राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता. त्यांनी स्वतःच्या अधिकारात वीस रुपयांची पोती मंजूर केली. माती भरून आम्ही ती दाराला लावली. उधाणाला ती टिकणार नाहीत हे सगळ्यांनाच दिसत होतं.

अध्यक्ष हरिश्चंद्र गावातच होते. पण रविवारीच त्यांचा चुलता वारला होता आणि घराण्याला दहा दिवसांचं सुतक लागलं होतं. मी त्यांच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. ते ओसरीवर बसले होते.

"गणपत, सुतकात मी सोसायटीच्या कागदाक हात लावचंय नाय," ते म्हणाले.

"मगे उपाध्यक्षाक, परशुरामाक सही करूक द्या."

"ती गैरहजर अध्यक्षाची सही. मी हंयच आसंय. माका कोणी गैरहजर केल्यान?"

खरी गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. मार्गशीर्षात निवडणूक होती, आणि उपाध्यक्ष परशुराम उभा राहणार होता. त्याच्या सहीने उघाडी बसली असती, तर लोकांनी ती त्याची उघाडी म्हटली असती.

परशुरामाकडे गेलो तर तो घाबरलेला. अधिकार नसताना सही केली तर खर्च सही करणाऱ्याच्या अंगावर पडतो, तेही तक्त्यात होतं. त्याच्याकडे बैल सोडून विकण्यासारखं काही नव्हतं. मी त्याला भित्रा म्हटलं. आज वाटतं, म्हणायला नको होतं.

त्या दाराच्या अगदी लगत शेवंतीचे तीन कुणगे, म्हणजे भाताचे छोटे तुकडे, होते. नवरा गेल्यापासून ती एकटी कसत होती. खारं पाणी आत आलं तर सगळ्यात आधी तिच्या भातात. ती रोज सकाळी येऊन पोती चेपायची. मला एवढंच विचारायची, "गणपतदादा, आज कोणी सही केल्यानी?"

गुरुवारी मी पुन्हा अध्यक्षांकडे गेलो. पाहतो तर अंगणात नारळाची गाडी भरलेली आणि हरिश्चंद्र मांडीवर पाट घेऊन व्यापाऱ्याच्या पावतीवर सही करत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"नारळाच्या पावतीक सुतक नाय?"

"ता माझ्या घरचां काम," ते म्हणाले आणि पेन कानावर ठेवलं.

मी तिथून तडक ऑफिसात आलो. प्रौढांच्या वर्गात मी अक्षरं शिकलो त्याला दोन वर्षं झाली होती. त्या तक्त्यावरचे रकाने मी वाचले होते, पण सगळ्यात खालचा बारीक मजकूर कधी वाचला नव्हता. त्या दिवशी स्टुलावर चढून बोट ठेवून वाचला. अधिकार कोणाचा याबद्दल दोन पदाधिकाऱ्यांत मतभेद झाल्यास सेक्रेटरीने तो प्रश्न लिहून कमिटीच्या बाकी सभासदांकडे फिरवावा. मतभेदातल्या दोघांना मत नाही. उरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लेखी मतं पडतील तसं वागावं आणि पुढच्या सभेत त्याची नोंद करावी.

मास्तर म्हणाले की हे त्यांना ठाऊक होतं, पण मतभेद आहे असं कोणी लेखी कळवलंच नव्हतं. एवढंच पाहिजे होतं तर मंगळवारीच का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते मान खाली घालून चष्मा पुसत बसले. तीन दिवस गेले होते.

शुक्रवारी सकाळी परशुरामाने मतभेद असल्याचं लेखी कळवलं. कमिटी सात जणांची. दोघे वगळून आम्ही पाच उरलो. त्यातले दोघे हरिश्चंद्रांचे भाऊबंद, त्यांनाही सुतक, त्यांनीही कागद घेतला नाही. म्हणजे उरलेल्या तिघांचीही मतं पाहिजे होती. माझं झालं. आनंदीबाईंनी शेणाचे हात धुऊन सही केली. तिसरा सगुण मसुऱ्याला मुलीकडे होता. शनिवारी पहाटे निघून चालत त्याला गाठलं. त्याने कागद दोनदा वाचायला लावला, जेवायला बसवलं आणि मग सही केली.

शनिवारी दुपारी परशुरामाने हुकमावर सही केली. बाबलीने हातातलं काम टाकून ऐन कापायला घेतला. दोन दिवसांचं काम दोनच दिवसांत होतं, त्याला कोण काय करणार? सोमवारी भर दुपारी उधाण आलं. पोती वाहून गेली. कंबरभर पाण्यात उभे राहून आम्ही फळ्या आडव्या धरत होतो, आणि शेवंतीचे तिन्ही कुणगे डोळ्यांदेखत बुडाले. ओहोटी लागल्यावर बाबलीने दार बसवलं. बाकी सगळं शेत वाचलं.

सुतक फिटल्यावर सभा भरली. हरिश्चंद्र खुर्चीवर बसले आणि म्हणाले की अध्यक्ष गावात असताना झालेला हा खर्च नियमबाह्य आहे, परशुरामाकडून वसूल व्हावा. मी उठून म्हटलं की या विषयापुरतं तुम्हाला त्या खुर्चीत बसता येणार नाही, मतभेद तुमचाच आहे. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी या वेळी मान खाली घातली नाही, तक्त्यावरच्या त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. हरिश्चंद्र उठले, आनंदीबाई बसल्या. आम्ही तिघांनी हात वर केले, भाऊबंदांनी केले नाहीत. खर्च कायम झाला. अध्यक्ष कुठल्याही कारणाने एक दिवस सही करत नसतील तर ते गैरहजर समजावेत, अशी ओळ सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचं ठरलं.

सगळे उठायला लागले. तेवढ्यात दारात उभी असलेली शेवंती आत आली आणि तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माका वाचूक येणा नाय," ती म्हणाली. "माझां भात कोणाच्या सयेन परत येतला, ता खंयच्या खणात लिवलेलां आसा?"

हरिश्चंद्र म्हणाले की बाई कमिटीवर नाही, तिचं बोलणं नोंदवायची गरज नाही. आनंदीबाई अजून खुर्चीतच होत्या.

"लिवा," त्या मास्तरांना म्हणाल्या. "जसां बोलली तसां लिवा."