टोपलीचं तोंड

त्या गेम स्टुडिओत वस्तूंची कवचं करायचं काम ताईकडे होतं. पडद्यावर दिसते ती टोपली वेगळी. खेळातलं मांजर कशावर आपटतं, कशात मावतं, हे ठरतं तिच्या न दिसणाऱ्या कवचावरून. ताईच्या साहेबाला सगळे मागून काटकसरे म्हणत. त्याचा हुकूम एकच: कुठल्याही वस्तूला एकच कवच, तेही बिनखळग्याचं. खळगा आला की संगणकाचा हिशेब वाढतो आणि खेळ अडखळतो.

झालं! टोपलीला असं कवच चढवलं, की तोंडावर न दिसणारं झाकण बसलंच म्हणून समजा. कुत्र्यापासून लपायला मांजर टोपलीत उडी मारी आणि हवेतच ऐटीत बसून राही. लपण्याचा तो टप्पा ताईने रचलेला पहिलाच. दुपारी खेळ बाजारात आणणाऱ्या बाई बघायला येणार होत्या.

"मांजर आत जात नसेल तर टप्पाच काढून टाक," काटकसरे म्हणाला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सॉफ्टवेअरने कवचाचे आपोआप पाडलेले चौसष्ट तुकडे तिने बघितले होते. निम्मे टोपलीच्या पोटात फुगलेले. मग तिने हातानेच तुकडे पाडले. तळाला एक, गोल भिंतीला बारा, कडीला तीन. प्रत्येक तुकडा बिनखळग्याचा, पण सगळ्यांच्या मधे छान पोकळी. पण साहेब बघेल तर शपथ!

बरं, साहेबाने स्वतः हौसेने केलेल्या बाथटबला मात्र गुपचूप दहा तुकडे होते. ताईने ते काढून एकच कवच चढवलं आणि शहाण्या मुलीसारखी कामाला लागली.

अर्ध्या तासाने आरोळी आली. "माझं मांजर पाण्याच्या वर वीतभर का चालतंय गं?"

"नियम लावला, सर. तुमचाच."

काटकसरेचं तोंड बघण्यासारखं झालं. "किती तुकडे लागतील तुझ्या टोपलीला?"

"सोळा. तयार आहेत."

"घाल बाई, घाल एकदाची!"

दुपारी बाईंनी खेळ हातात घेतला. मांजर टोपलीत सुळकन शिरलं, कुत्र्याच्या धक्क्याने टोपली कलंडली, तरी ते आतच राहिलं. कुत्रा हुंगत निघून गेला. खेळ कुठेही अडखळला नाही. ताईने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तेवढ्यात बाईंनी मांजर न्हाणीघराकडे वळवलं.

अगं बाई! टब पूर्ववत करायचा राहूनच गेला होता. मांजर टबावर चढलं, हवेत चार पावलं चाललं आणि तिथेच अंग चाटत बसलं. ताईला धरणी दुभंगावी असं झालं.

बाई हसून हसून बेजार. "टोपलीचा टप्पा मस्तच. आणि हे टबावरचं काढू नका हं, कुणाला सुचलं?"

ताईने तोंड उघडलं. पण काटकसरे कॉलर सारखी करत आधीच पुढे सरसावला होता.

"एकच कवच आहे, मॅडम. माझा नियम."

टप्पा वाचला होता. ताईने ओठावर आलेलं गिळलं आणि हसू दाबत मान डोलावली.